बैठकीसाठी दुभाषी ठरवताना

पुण्याजवळ चाकण आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींत जपानी कंपन्यांशी व्यवहार करणारे अनेक कारखाने आहेत. त्यांच्या बैठकांसाठी दुभाषी बोलावताना बहुतेक वेळा तारीख आणि दर एवढेच विचारले जाते. बैठक नीट पार पडण्यासाठी मात्र भाषा, वेळ, जागा, विषय आणि गोपनीयता या पाच गोष्टी आधी ठरवून लेखी पक्क्या कराव्या लागतात. त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि एक बदलली की दुसरीही बदलते.

समजा, चाकणचा एक कारखाना जपानी ग्राहक कंपनीला डाय कास्टिंगचे ॲल्युमिनियमचे भाग पुरवतो. भागांत ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, सापडल्याने त्या कंपनीचे तीन अधिकारी येणार आहेत. सकाळी शॉप फ्लोअरची पाहणी, त्यानंतर तक्रारीवर चर्चा आणि दुपारी पुढच्या वर्षाच्या दरांची बोलणी, असा बेत आहे.

पहिला प्रश्न भाषेचा. ‘जपानी दुभाषी हवा’ एवढे सांगून भागत नाही, कारण कोणत्या दोन भाषांमध्ये काम करायचे हे त्यातून कळत नाही. पुण्यातील अनेक दुभाषी जपानी आणि इंग्रजी यांमध्ये काम करतात. पाहणीत मशीनवरचा ऑपरेटर मराठीत किंवा हिंदीत उत्तर देणार असेल, तर जपानी आणि मराठी-हिंदी यांमध्ये थेट बोलू शकणारी व्यक्ती लागते. काम दोन्ही दिशांनी आहे, हेही सांगावे. जपानी ऐकून मराठीत सांगणे आणि मराठी ऐकून अदबीच्या जपानीत मांडणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

इथे प्रमाणपत्राबाबत एक गैरसमज होतो. जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत असते आणि एन-१ ही सर्वांत वरची पातळी आहे. पण या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणे एवढेच तिच्यात तपासले जाते. त्यामुळे एन-१ उत्तीर्ण व्यक्तीलाही आधी कोणत्या बैठका केल्या, त्या कारखान्यातल्या होत्या की व्यापारी करारांच्या, हे विचारणे आवश्यक असते. दहा मिनिटे फोनवर कामाबद्दल बोलले, तरी पुष्कळ अंदाज येतो.

दुसरी गोष्ट वेळेची. अशा बैठकांत वक्ता थोडे बोलून थांबतो आणि मग दुभाषी ते सांगतो. त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जाते आणि एका तासाच्या चर्चेला जवळपास दोन तास लागतात. एरवी सव्वा तासात संपणारी तक्रारीची चर्चा इथे अडीच तासांची धरावी लागते. वक्ता बोलत असतानाच दुभाष्याने बोलत राहण्याची पद्धतही आहे. तिच्यात वेळ वाचतो, पण त्यासाठी दोन दुभाषी लागतात आणि ते साधारण वीस ते तीस मिनिटांनी आळीपाळीने बोलतात. इतके एकाग्र काम एकट्याने फार वेळ अचूक होत नाही.

थांबून थांबून बोलण्याच्या पद्धतीतही दिवसभरासाठी एकच दुभाषी असेल, तर मध्ये विश्रांती ठेवावी किंवा दुसरा बोलवावा. थकवा आला की त्याच्या खुणा दिसतात. दोन मिनिटांचे बोलणे दोन वाक्यांत आटोपते आणि आकडे पुन्हा पुन्हा विचारले जातात. जेवणाच्या टेबलावर गप्पांसाठी दुभाष्याला बसवले, तर तो वेळही कामाचाच असतो. त्याच्या जेवणासाठी वेगळा अर्धा तास ठेवावा. अर्धा दिवस आणि पूर्ण दिवस म्हणजे किती तास, जादा वेळेचा दर काय आणि ऐनवेळी रद्द झाल्यास काय, हे त्याच वेळी ठरवावे.

तिसरी गोष्ट जागेची. मीटिंग रूममध्ये दोन्ही बाजूंचे चेहरे दिसतील आणि आवाज नीट ऐकू येईल, अशी खुर्ची दुभाष्याला द्यावी. शॉप फ्लोअरवर मशीनच्या आवाजात कानाशी कुजबुजून काहीच पोहोचत नाही. तिथे छोटा माइक आणि प्रत्येकाच्या कानात हेडफोन, अशी साधने भाड्याने घ्यावीत. तशी सोय नसेल, तर मशीनपाशी फक्त बघावे आणि बोलणे शांत जागी येऊन करावे. गेटपास, सेफ्टी शूजचे माप, मोबाइल आत नेता येतो की नाही आणि पुण्याहून येण्या-जाण्याची सोय हेही आधी कळवायचे असते. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कोंडीमुळे दुभाष्याला किमान अर्धा तास आधीची वेळ द्यावी.

चौथी गोष्ट विषयाची, आणि सर्वाधिक तयारी हिलाच लागते. ‘क्वालिटीबद्दल मीटिंग आहे’ असे सांगितले, तर दुभाषी कशाची तयारी करणार? त्याला भागाचे ड्रॉइंग, तक्रारीचा अहवाल, विषयपत्रिका आणि उपस्थितांची हुद्द्यांसह नावे चार-पाच दिवस आधी मिळायला हवीत. कारखान्यातले लघुरूप शब्द आणि दोषांची नावे यांची एक पानाची यादी फार उपयोगी पडते. ब्लोहोल आणि आकसण्यामुळे पडलेली पोकळी यांची कारणे वेगळी असतात. दुभाष्याने दोन्हींना एकच शब्द वापरला, तर चर्चा चुकीच्या कारणावर जाते.

आकड्यांची काळजी वेगळी घ्यावी लागते. जपानीत मोठ्या संख्या ‘मान’ म्हणजे दहा हजार आणि ‘ओकु’ म्हणजे दहा कोटी या एककांत मोजतात. मराठीतले एक कोटी वीस लाख जपानीत बाराशे मान होतात, तर इंग्रजीत बारा मिलियन. बोलता बोलता हे रूपांतर करताना एखादे शून्य सहज निसटते. म्हणून दरांच्या बोलणीत प्रत्येक रक्कम फळ्यावर अंकांत लिहावी आणि दोन्ही बाजूंनी ती पाहून होकार द्यावा.

पाचवी गोष्ट गोपनीयतेची. ड्रॉइंग आणि दर दुभाष्याच्या हाती जाणार असल्याने गोपनीयतेच्या करारावर सही कागदपत्रे पाठवण्यापूर्वी व्हावी, बैठकीच्या सकाळी नव्हे. करारात नुसते ‘गुप्तता पाळावी’ असे नसावे. फाइली कधी पुसायच्या, बैठकीत काढलेली टिपणे नष्ट करायची की परत द्यायची, रेकॉर्डिंग होणार का, ग्राहकाचे नाव स्वतःच्या कामाच्या यादीत घालता येईल का, हे स्पष्ट असावे. प्रतिस्पर्धी कारखान्यासाठी सध्या काम चालू आहे का, हेही विचारावे. मात्र तिथला तपशील विचारू नये, कारण तो सांगणारा दुभाषी उद्या इथलाही सांगेल. पाहुणे आपसांत बोलले, तर ते यजमानांना सांगायचे का, हाही नाजूक मुद्दा आहे. सर्वांसाठी बोललेलेच भाषांतरित होईल, असा नियम सुरुवातीलाच दोन्ही बाजूंना सांगून टाकला की दुभाष्याची कुचंबणा होत नाही.

हे सारे ठरल्यावर ईमेलने पक्के करावे. या उदाहरणातला मजकूर असा होईल:

‘मंगळवारी सकाळी ९.३० ला चाकणच्या कारखान्यात हजर राहावे. काम १० ते ५, जेवणासाठी दुपारी अर्धा तास मोकळा. भाषा: जपानी आणि इंग्रजी, पाहणीत जपानी आणि मराठी. पद्धत: थांबून थांबून, दोन दुभाषी. विषय: डाय कास्टिंगमधील ब्लोहोलची तक्रार आणि वार्षिक दर. गोपनीयतेचा करार सोबत जोडला आहे. सही केलेली प्रत मिळताच ड्रॉइंग आणि शब्दांची यादी पाठवू. ठरलेला दर, जादा तासांचा दर आणि रद्द करण्याची अट खाली दिली आहे. कृपया उत्तर पाठवून मान्यता कळवावी.’

दुभाष्याचे लेखी उत्तर आले की नेमणूक पक्की झाली. त्यानंतर वेळ, जागा किंवा विषयपत्रिका बदलली, तर ती फोनवर सांगितली तरी पुन्हा लेखी कळवावी. बैठकीच्या आदल्या दिवशी एकदा फोन करून शब्दांच्या यादीतल्या शंका विचारून घेतल्या की तयारी पूर्ण होते.