निदानानंतरचं पत्र

ताई, काल रिपोर्ट ऐकल्यावर पुढचं काहीच तुमच्या कानात शिरलं नसणार, म्हणून हे लिहून देतोय.

तुम्हाला फुप्फुसाचा टीबी आहे. बेडक्याच्या तपासणीत जंतू सापडले, पण रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यांच्यावर चालतं, ही मोठी जमेची बाजू. वजन 52 किलो, म्हणून रोज चार गोळ्या, एकदमच घ्यायच्या. पहिले दोन महिने त्यांत चार औषधं असतील, पुढचे चार महिने तीन. लघवी लालसर होईल. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर धूसर झाली, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी या.

खरा धोका महिनाभरानं येतो. खोकला जातो, भूक लागते आणि गोळ्या सुटतात. चिवट जंतू मात्र जिवंत असतात. अर्धवट उपचारांत तेच औषधाला दाद देईनासे होतात.

दोन महिने संपताना बेडका पुन्हा तपासू, सहाव्या महिन्याअखेर परत. नंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी भेट. मधुमेह आणि एचआयव्हीची तपासणी याच आठवड्यात करू. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः तीन वर्षांच्या नातीला, घेऊन या. तिला टीबी नसला तरी प्रतिबंधक औषध लागेल. ताटवाटी वेगळी ठेवू नका. हा आजार हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या ठेवा, तोंडावर मास्क लावा. निक्षय नोंदणीसाठी बँक पासबुक आणा, पोषणाचे महिना 1000 रुपये खात्यात जमा होतात.