झोपेतली नाडी करते चुगली

२५ मे हा जागतिक थायरॉईड दिन. तो जवळ आला की लॅबवाल्यांच्या सवलतीच्या जाहिरातींना ऊत येतो. झोप लागत नाही, थकवा आहे, केस गळताहेत, मग थायरॉईड तपासा! तपासणी वाईट नाही, स्वस्तही आहे. पण झोपेच्या प्रत्येक तक्रारीचं खापर गळ्यातल्या त्या ग्रंथीवर फोडायची जी फॅशन आली आहे, तिच्याविषयी माझा आक्षेप आहे. रात्री जागणाऱ्या बहुतेकांची थायरॉईड ठणठणीत असते. आणि जिची खरंच बिघडलेली असते, ती बाई कित्येकदा ‘टेन्शन घेऊ नका’ ऐकून आणि झोपेची गोळी घेऊन घरी परत येते.

ही गफलत होते ती मुख्यतः थायरॉईड जास्त चालत असेल तेव्हा. छातीत धडधड, हाताला कंप, घाम, चिडचिड, अंथरुणावर तळमळ. यातली एकेक गोष्ट चिंतेच्या आजारातही दिसते. मग ओळखायचं कसं? जुन्या डॉक्टरांची एक युक्ती आहे आणि ती आजही कामाची आहे: माणूस गाढ झोपलेला असताना त्याची नाडी मोजा. चिंतेने धडधडणारं हृदय झोप लागली की शांत होतं, कारण काळजी करणारा मेंदूच झोपलेला असतो. थायरॉईडचं हार्मोन मात्र रक्तात चोवीस तास असतं. ते हृदयाला झोपेतही पळवतं. एरवी निरोगी माणसाची नाडी रात्री दिवसापेक्षा बरीच खाली, साठच्या आसपास किंवा त्याहूनही कमी येते. ती रात्रभर नव्वदीच्या घरात राहिली आणि ताप नसेल, अंगात रक्त कमी नसेल, तर संशयाचं बोट गळ्याकडे वळतं.

डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली हा आजार मांडला, तोही धडधडीवरूनच. त्यांच्यासमोर तीन स्त्रिया होत्या. तिघींना दीर्घकाळ जोरदार धडधड आणि तिघींच्या गळ्याशी थायरॉईड सुजलेली. एकीच्या हृदयाचे ठोके तर पलंगापासून काही अंतरावर उभ्या माणसाला ऐकू येत, असं त्यांनी नोंदवलं आहे. हार्मोन हा शब्दही तेव्हा नव्हता, रक्ततपासणी दूरच राहिली. आज मनगटावरचं घड्याळ रात्रभर नाडी नोंदवतं आणि आपण त्यावर पावलं मोजत बसतो!

समजा, ठाण्याची एक अडतीस वर्षांची शिक्षिका आहे. तीन महिन्यांपासून तिला रात्री एक-दीडपर्यंत डोळा लागत नाही. पंखा पाचवर, वर एसी, तरी ती पांघरूण भिरकावते आणि शेजारी नवरा गारठून शाल शोधतो. भूक चांगली आहे, दोन पोळ्या जास्तच जातात, पण वजन चार किलो उतरलं. दिवसातून तीन-चारदा शौचाला जावं लागतं. हात समोर पसरले की बोटं बारीक थरथरतात आणि तळवे ओलसर असले तरी गरम असतात. चिंतेत तळवे ओले होतात ते बहुधा गार. घड्याळातली झोपेतली नाडी ९६. नुसती झोप उडाली असती तर मी थायरॉईडचं नाव घेतलं नसतं. इथे उकाडा, वजन, पोट आणि नाडी चौघं एकच गोष्ट सांगताहेत.

रक्तात टीएसएच ०.०१ च्याही खाली आणि फ्री टी-४ सामान्य मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट निघालं. तरी लगेच हार्मोन बनणं रोखणारी कार्बिमॅझोल सुरू करायची नसते. ग्रंथी स्वतः जास्त हार्मोन बनवते आहे, की सूज येऊन साठलेलं हार्मोन नुसतं गळतं आहे, हे आधी ठरवावं लागतं. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हा दुसरा प्रकार बराच दिसतो आणि त्यात कार्बिमॅझोलचा उपयोग शून्य. त्यासाठी टीएसएच रिसेप्टरच्या अँटीबॉडीची तपासणी किंवा स्कॅन करतात. आपल्या बाईंचा आजार ग्रेव्हजचाच निघाला. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल मिळाली (दमा असता तर ती देता आली नसती) आणि काही दिवसांतच रात्र सुसह्य झाली. कार्बिमॅझोलचा असर दिसायला मात्र तीन-चार आठवडे गेले. टीएसएच त्यानंतरही कित्येक महिने दबलेलंच राहू शकतं. झोप परत आली तरी रिपोर्टात आकडा लाल दिसतो म्हणून घाबरायचं नाही. त्या काळात डॉक्टर टी-३, टी-४ बघून डोस ठरवतात.

थायरॉईड कमी पडली तर चित्र उलटं. तिथे निद्रानाशापेक्षा झोपच जास्त, पण ताजेपणा नाही. नऊ तास झोपून उठलेला माणूस दुपारी फाइलवर पेंगतो. घशातल्या ऊती आणि जीभ सुजते, श्वासाचे स्नायू ढिले पडतात आणि मग घोरणं वाढतं, मध्येच श्वास अडकतो. दुसरी खूण हाताची: रात्री मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. मनगटात सूज येऊन तिथली नस दाबली गेल्याचं ते लक्षण. सोबत थंडी सोसत नसेल, बद्धकोष्ठ असेल, आवाज जाडसर झाला असेल, तर टीएसएच करायलाच हवं. पण गोळी सुरू झाली की घोरणं आपोआप थांबेल, हा भरवसा नको. श्वास अडकण्याचं मूळ लठ्ठपणात असेल तर ते तसंच राहतं.

गोळी घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच. लिव्होथायरॉक्सिनचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर रात्री तीच धडधड, तीच जाग. वजन उतरावं म्हणून स्वतःच डोस वाढवणाऱ्या भगिनी आपल्याकडे कमी नाहीत. यात गोळी किती वाजता घेतली याला दोष देण्यात अर्थ नाही. हे औषध रक्तातून निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. नेदरलँड्समध्ये २०१० च्या एका अभ्यासात लोकांना गोळी रात्री झोपताना दिली, तरी त्यांच्या जगण्याच्या दर्जात फरक पडला नाही. पाहायचा तो एकूण डोस, आणि तो बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबमध्ये सांगा आणि तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून ते थांबवा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे थायरॉईड जास्त चालत असल्याचा खोटाच रिपोर्ट येतो.

राहता राहिलं ते सहा-सातचं टीएसएच, ज्याच्यावर आज भरपूर गोळ्या खपतात. टीएसएच मुळात रात्री चढतं, मध्यरात्रीनंतर शिखर गाठतं आणि जागरण केलं तर आणखी वर जातं. म्हणजे नाइट ड्युटी संपवून थेट लॅबमध्ये गेलेल्या नर्सचा आकडा थोडा वर दिसला, तर तो तिच्या जागरणाचा परिणाम असू शकतो, कारण नव्हे. युरोपात पासष्टीपुढच्या ७३७ जणांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. किंचित वाढलेल्या टीएसएचसाठी वर्षभर गोळी घेऊनही त्यांच्या थकव्यात फरक पडला नव्हता. टी-४ सामान्य असेल, गरोदरपणाचा प्रश्न नसेल, तर दोन-तीन महिन्यांनी, नीट झोपून उठलेल्या सकाळी टीएसएच पुन्हा करावं आणि सोबत अँटी-टीपीओ पाहावं. तोवर रात्री तीनची जाग लघवीमुळे येते, गुडघेदुखीमुळे, की दुपारी काढलेल्या दोन तासांच्या झोपेमुळे, याचा शोध घ्यायला कुठलीच लॅब लागत नाही.