बुडबुडे थांबले म्हणजे वाईन झाली नव्हे

इंग्लंडमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात रस्त्याकडेच्या कुंपणांवर काळ्या ब्लॅकबेरी लगडतात आणि पुष्कळ घरांत त्यांची वाईन लावली जाते. तिथे स्वतःपुरत्या वाईनला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय ती घरीही करता येत नाही.

साडेचार लिटरच्या बरणीचा हिशेब पाहू. दर लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क तयार होतो. बारा टक्के हवे असतील तर एकूण सुमारे ९२० ग्रॅम साखर लागेल. दीड किलो ब्लॅकबेरीत तिच्यातली थोडीच असते, म्हणून वरून साडेआठशे ग्रॅम घालायची. नवखे लोक जास्त कडक व्हावी म्हणून दोन किलो ओततात. एवढ्या गोड पाकात यीस्टला तग धरणं कठीण जातं आणि वाईन अर्धवट, गोडमिट्ट राहते.

बादली, चमचा, गाळणी, सगळं आधी धुवायचं आणि मग निर्जंतुक करायचं. ही दोन वेगळी कामं आहेत. साबणाने मळ जातो, जंतू राहतात. फळं कुस्करून त्यावर उकळतं पाणी ओतायचं, साखर विरघळवायची आणि मिश्रण कोमट झालं की वाईनचं यीस्ट घालायचं. उकळत्या रसात घातलं तर ते मरतं. पावाचं यीस्टही चालतं, पण ते लवकर दमतं आणि चवीला पावाचा वास लावतं.

पहिले चार-पाच दिवस बादलीवर फक्त स्वच्छ फडकं बांधायचं आणि रोज ढवळायचं. वाढायला यीस्टला हवा लागते. त्यानंतर मात्र हवा शत्रू होते, कारण मद्यार्काचं व्हिनेगर करणारे जिवाणू हवेवरच जगतात. म्हणून रस गाळून बरणीत भरायचा आणि तोंडाला एअरलॉक लावायचा. पाणी भरलेल्या या वाकड्या नळीतून वायू बाहेर पडतो, हवा आत येत नाही. नळीतलं पाणी आटलं की हे संरक्षण संपलं.

खरी चूक इथे होते. बुडबुडे थांबले की लोक बाटल्या भरतात. पण खोली गार झाली तरी बुडबुडे थांबतात आणि बूच सैल असलं तर वायू दुसरीकडूनच निसटतो. मग उन्हाळ्यात उरलेली साखर बंद बाटलीत पुन्हा आंबू लागते आणि दाब वाढून काच फुटते. म्हणून रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर हवाच. सुरुवातीला तो १.०८५च्या आसपास दाखवतो. आकडा १.०००च्या खाली उतरला आणि काही दिवस तिथेच स्थिरावला, तरच आंबणं संपलं म्हणायचं. त्यानंतरही बाटल्यांची घाई नको. तळाचा गाळ न हलवता नळीने वाईन दुसऱ्या बरणीत घ्यायची, ती काठोकाठ भरायची आणि निवळेपर्यंत काही महिने ठेवायची.