बोगदा ओलांडला, पण रस्ता शिर्डीलाच थांबला

गेल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे २०२५ साली, दिवाळी अंकासाठी एक प्रवासलेख माझ्या टेबलावर आला. लेखक निवृत्त अभियंते, हात लिहिता, अक्षर नेटकं. समृद्धी महामार्गावरून त्यांनी कुटुंबासह केलेल्या प्रवासाचं वर्णन होतं. दुसऱ्या परिच्छेदात गाडी इगतपुरीजवळच्या जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यात शिरते. मागच्या सीटवरची नात दिवे मोजायला लागते, दोनशेच्या पुढे तिचा हिशेब चुकतो आणि ती रडवेली होते. वाचताना मीही तिच्याबरोबर मोजत होतो.

चौथ्या परिच्छेदात मात्र हे वाक्य होतं: ‘२०२३ पर्यंत, या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा वाहतुकीसाठी खुला असून उर्वरित मार्गाचे काम प्रगतिपथावर आहे.’

ज्या माणसाने बोगदा ओलांडला, त्याच्याच लेखात रस्ता शिर्डीला थांबला होता. तो बोगदा इगतपुरी ते आमणे या ७६ किलोमीटरच्या शेवटच्या टप्प्यात येतो आणि हा टप्पा खुला झाला ५ जून २०२५ रोजी. दोन्ही परिच्छेद एकाच डोक्यातून आलेले असणं शक्य नव्हतं.

भाषा-प्रारूपं, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनांच्या पोटातली यंत्रणा, एका ठरावीक दिवसापर्यंतचा मजकूर वाचून तयार होतात. त्यानंतर घडलेलं त्यांना आपण होऊन कळत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आलं, तेव्हा त्याची माहिती सप्टेंबर २०२१ ला थांबलेली होती. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ही सीमा एप्रिल २०२३, ऑक्टोबर २०२३ अशी पुढे सरकत गेली. सीमा कुठेही असो, त्या दिवसानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलेलं नसतं, आणि यंत्र त्या पानाकडे बघून ‘सध्या’ असं लिहितं.

सुरुवातीच्या काळात ही खूण अगदी उघडी पडायची. ‘माझ्या शेवटच्या अद्ययावत माहितीनुसार’ अशी कबुली यंत्र स्वतःच द्यायचं आणि घाईत असलेला माणूस ती तशीच चिकटवायचा. स्वीडनमधल्या संशोधकांनी गूगल स्कॉलरवर याच अर्थाची इंग्रजी वाक्यं शोधली. यंत्राचा वापर जाहीर न करता ती वाक्यं जशीच्या तशी ठेवलेले १३९ शोधनिबंध त्यांना सापडले. हा अभ्यास हार्वर्ड केनेडी स्कूलच्या नियतकालिकात २०२४ मध्ये आला. आता लोक शहाणे झालेत, ‘माझ्या’ हा शब्द खोडतात. पण वाक्याचा सांगाडा उरतो, आणि मराठीत तो चटकन नजरेत भरतो.

वरचं वाक्य पुन्हा पाहा. ‘२०२३ पर्यंत’ म्हटलं की मराठी कान पुढे ‘होता’, ‘होईल’ किंवा ‘झालं होतं’ यांची वाट पाहतो. ‘२०२३ पर्यंत खुला असून’, ‘पर्यंत सुरू आहे’ ही जोडी आपल्या बोलण्यात कुठेच नाही. इंग्रजीत ‘अमुक तारखेची स्थिती अशी’ हे सांगणारा जो छोटा शब्दप्रयोग आहे, त्याचं हे यांत्रिक मराठी रूप. ‘पर्यंत’नंतरचा तो स्वल्पविरामसुद्धा तिकडचाच. शिवाय माणूस साल लिहितो तेव्हा ते कशाला तरी बांधलेलं असतं. ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ म्हटलं की त्यामागे जनगणना असते, ‘२०१९ च्या महापुरात’ म्हटलं की पूर असतो. यंत्राचं ‘२०२३ पर्यंत’ कशालाच बांधलेलं नसतं. ते फक्त त्याची माहिती कुठे संपते ते सांगत असतं.

पण एका वाक्यावरून कुणावर बोट ठेवणं मला पटत नाही. म्हणून मी पेन्सिल घेतली आणि एक जुनी पद्धत वापरली. पेशवेकालीन कित्येक पत्रांवर चंद्र आणि महिना असतो, साल नसतं. मग इतिहाससंशोधक पत्रात कोण हयात आहे, कोणती मोहीम झाली आहे, कोणती व्हायची आहे ते पाहतात आणि साल दोन बाजूंनी आवळत आणतात. काळानुसार बदलणाऱ्या प्रत्येक विधानाखाली मी रेघ मारली आणि समासात दोन तारखा लिहिल्या: हे कधीनंतर लिहिता येईल आणि कधीच्या आधी.

नागपूर–शिर्डी टप्पा खुला आहे: हे ११ डिसेंबर २०२२ नंतरच लिहिता येतं. उर्वरित काम चालू आहे: हे ५ जून २०२५ च्या आधी. शिर्डी ते भरवीर हा ८० किलोमीटरचा टप्पा २६ मे २०२३ ला सुरू झाला, त्याचा उल्लेख नाही. महामार्ग ‘छत्रपती संभाजीनगर’वरून जातो असं लिहिलं होतं आणि त्या शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली. शेवटी मुंबईकडे वळताना ‘शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतूचे काम अंतिम टप्प्यात आहे’ असं होतं. तो सेतू १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू म्हणून खुला झाला. आणि वेगमर्यादा मोडणाऱ्यांवर ‘भारतीय दंड संहितेनुसार’ गुन्हा दाखल होऊ शकतो असा इशारा होता. त्या संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे.

सगळ्या तारखा एकमेकींवर ठेवल्या की एक फट उरते: फेब्रुवारी २०२३ ते जानेवारी २०२४. भरवीरचा अनुल्लेख धरला तर ती आणखी अरुंद होते आणि मे २०२३ ला संपते. मात्र अनुल्लेखाला मी कमी वजन देतो. न सांगणं आणि चुकीचं सांगणं यांत फरक असतो. भरवीरची बातमी लेखकाला महत्त्वाची वाटली नसेल. यंत्राच्या बाबतीत त्याला आणखी एक कारण असतं. एखाद्या घटनेवरचा मजकूर त्या दिवशी पूर्ण होत नाही, पुढे अनेक वर्षं साठत जातो. माहितीची सीमा एप्रिलला असली तरी मार्च-एप्रिलच्या घटनांवर यंत्राने फारच थोडं वाचलेलं असतं. शिवाय जो सेतू वर्षानुवर्षं ‘होणार, होणार’ म्हणून गाजला, त्याच्याबद्दल भविष्यकाळातली वाक्यं ढिगाने असतात आणि ‘झाला’ म्हणणारी मूठभर. यंत्र ढिगाकडे झुकतं. त्यामुळे ते आपल्या जाहीर सीमेपेक्षाही जुनं बोलतं, आणि अशा फटीवरून हे अमुक आवृत्तीचंच काम आहे असं ठामपणे म्हणता येत नाही.

मग शिळी माहिती माणूस देत नाही का? भरपूर देतो. त्याच महिन्यात एका निवृत्त शिक्षिकेचा लेख आला होता. त्यात सगळीकडे ‘औरंगाबाद’ आणि ‘अहमदनगर’, गावाची लोकसंख्या १९९१ ची, तालुक्याची हद्द जुनी. हाच निकष आंधळेपणाने लावला असता तर बाईंवर अन्याय झाला असता. कारण त्यांचा शिळेपणा एका रेषेत नव्हता. नावं लहानपणापासून तोंडात बसलेली, लोकसंख्या कपाटातल्या पुस्तकातून उचललेली. आणि त्याच पानावर मागच्या आठवड्यात गावच्या एसटी थांब्यावर पडलेल्या नव्या शेडची नोंद! माणसाच्या माहितीला ठिगळं असतात. एक गोष्ट तीस वर्षं जुनी, दुसरी कालची. यंत्राच्या मजकुरात एकमेकींशी काही संबंध नसलेल्या गोष्टी, म्हणजे रस्ता, पूल आणि कायदा, एकाच हंगामात येऊन थांबतात. मी शोधतो ते हे एकत्र थांबणं. एखाददुसरी चूक तर माझ्याही लेखात सापडेल.

जुना लेख पुन्हा छापायला पाठवला, तरी सगळं एकाच वेळी थांबलेलं दिसेल. म्हणून लेख कधी लिहिला हे मी आधी विचारतो. इथे तो प्रश्नच नव्हता, बोगदा साक्षीला होता.

आता ही परीक्षा अवघड होत चाललीय. नवी साधनं उत्तर देण्याआधी इंटरनेटवर शोध घेतात, त्यामुळे मुख्य विषयाची माहिती ताजी मिळते. समृद्धीबद्दल विचारलं तर ७०१ किलोमीटर पूर्ण झाल्याचं बरोबर येईल. पण शोध घेतला जातो तो विचारलेल्या गोष्टीचा. वाक्यात जाता जाता येणारे तपशील, म्हणजे शेजारच्या जिल्ह्याचं नाव, कुठलं तरी कलम, कुणाचं तरी पद, हे बहुधा जुन्या साठ्यातूनच येतात. ‘अहमदनगर जिल्ह्यातून जाणारा हा संपूर्ण ७०१ किलोमीटरचा महामार्ग’ अशा वाक्यात महामार्ग २०२५ चा असतो, तर जिल्हा अजून २०२४ मध्ये अहिल्यानगर झालेलाच नसतो. मी आता लेखाचा विषय शेवटी तपासतो आणि आधी कडेकडेचे तपशील पाहतो. जिथे लिहिणाऱ्याचं लक्ष नव्हतं, तिथेच मजकुराचं खरं वय दिसतं.

दुसरी खूण परिच्छेदाच्या शेवटी सापडते. ‘अद्ययावत माहितीसाठी अधिकृत संकेतस्थळाला भेट द्यावी.’ सरकारी पत्रकात हे वाक्य शोभतं. पण परवाच त्या रस्त्यावरून आलेला माणूस वाचकाला संकेतस्थळाकडे का पाठवेल? टोल किती भरला ते तो स्वतःच सांगेल.

मी अभियंत्यांना फोन केला. आरोप केला नाही, फक्त विचारलं, “सर, शिर्डीच्या पुढे रस्ता बंद होता का हो तुम्ही गेलात तेव्हा?”

“छे! आम्ही थेट आमण्यापर्यंत गेलो की. बोगद्याचं लिहिलंय ना मी.”

“मग चौथा परिच्छेद जरा वाचता का?”

पानांचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. शेवटी ते म्हणाले, “तो भाचीने मोबाइलवर काढून दिला. म्हणाली, लेखाला थोडी माहिती जोडा म्हणजे भारदस्त वाटेल. मी वाचलाच नाही नीट. माहितीच तर आहे, म्हटलं.”

बोगदा त्यांचा होता, नात त्यांची होती. चौथा आणि सहावा परिच्छेद तेवढे बाहेरून आले होते, आणि पेन्सिलच्या सगळ्या रेघाही त्या दोन परिच्छेदांतच होत्या. बाकी पाच पानांवर एकही नव्हती. ते दोन्ही आम्ही काढले. मोकळ्या झालेल्या जागेसाठी मी त्यांना विचारलं, की नातीचा हिशेब पुढे काय झाला? दोन दिवसांनी त्यांनी हाताने लिहिलेलं अर्धं पान पाठवलं. परतीच्या वाटेवर तिने एक दिवा सोडून एक असे मोजले होते आणि मग दुप्पट केले होते.