एक फाइल, लक्षावधी वाटेकरी

एकाच दिवशी लक्षावधी संगणक विंडोजची तीच सुधारणा मागू लागले, तर एकटा सर्व्हर गुदमरून जाईल. म्हणून तिच्या प्रती निरनिराळ्या शहरांतील सर्व्हरांवर ठेवतात व प्रत्येकाची मागणी बहुधा जवळच्या प्रतीकडे वळविली जाते. या व्यवस्थेस कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क म्हणतात.

तथापि कचेरीत येणारी इंटरनेटची वाट अरुंदच राहते. तेथील ३० संगणकांनी ५०० मेगाबाइटांची फाइल स्वतंत्रपणे उतरविली, तर त्या वाटेने १५ गिगाबाइट यावे लागतात. २०१५ साली विंडोज १० मध्ये यावर तोड निघाली. फाइलचे तुकडे पाडावयाचे आणि एका संगणकाने आणलेला तुकडा शेजारच्या संगणकाने त्याच्याकडूनच घ्यावयाचा.

शेजाऱ्याने खराब तुकडा दिला तर? प्रत्येक तुकड्याची हॅश ही खूण मायक्रोसॉफ्टकडील यादीशी ताडून पाहतात. न जुळणारा तुकडा टाकून दिला जातो.

मात्र सर्वांनी एकाच क्षणी आरंभ केला, तर वाटावयास कोणापाशीच फारसे काही नसते. एकदोन संगणकांनी आधी फाइल उतरवावी, हे बरे. पडताळा पाहावयाचा तर पॉवरशेलमध्ये पुढील आज्ञा द्यावी :

```
Get-DeliveryOptimizationStatus
```

तेथे `BytesFromPeers` समोर शून्य दिसले, तर शेजाऱ्यांकडून काहीच आले नाही, असे समजावे.