घरातले वायफाय : २.४ की ५?

घरातला वायफाय राउटर बहुधा एकाच वेळी दोन बँडवर चालतो. त्यांतला २.४ गिगाहर्ट्झचा बँड हळू असला तरी लांबवर पोहोचतो, तर ५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान असूनही भिंतींपुढे लवकर हार मानतो. फोनच्या यादीत एकाच घराची दोन नावे दिसतात आणि एकाच्या शेवटी 5G असते, ते यामुळेच. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही.

लहरीची वारंवारता वाढली की तिची पोच घटते. तितक्याच शक्तीने सोडलेला ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल मोकळ्या जागेतही त्याच अंतरावर साधारण एक चतुर्थांश ताकदीने मिळतो. भिंत आडवी आली की फरक आणखी वाढतो. पातळ विटांच्या भिंतीतून दोन्ही बँड निभावून नेतात; सिमेंट-काँक्रीट आणि सळयांच्या भिंतीत मात्र ५ चा जोर झपाट्याने ओसरतो. म्हणून घराचे क्षेत्रफळ किती, यापेक्षा राउटर आणि उपकरण यांच्या मध्ये कशाच्या आणि किती भिंती आहेत, हे आधी पाहावे. जुन्या इमारतीत कॉलम-बीम काँक्रीटचे आणि मधल्या भिंती विटांच्या असतात. मायवान पद्धतीच्या नव्या टॉवरमध्ये बहुतेक भिंती काँक्रीटच्याच असतात. तेवढ्याच चौरस फुटांच्या या दोन घरांत वायफायचा अनुभव अगदी वेगळा येतो.

वेगाच्या बाजूला ५ चे पारडे जड आहे, कारण तिथे जागा जास्त आहे. सर्वसाधारण फोन किंवा लॅपटॉप राउटरजवळ ५ वर ८६६ एमबीपीएसपर्यंतची लिंक जोडू शकतो, २.४ च्या नेहमीच्या रुंदीवर ती १४४ च्या आसपास थांबते. प्रत्यक्षात हाती येतो तो वेग लिंकच्या जेमतेम निम्मा असतो. शेजाऱ्यांची गर्दी असेल तर त्याहूनही कमी.

एक नेहमीचे घर घेऊ. जुन्या बांधणीचा दोन बेडरूमचा फ्लॅट, शंभर एमबीपीएसचा प्लॅन, आणि फायबरची वायर दारातून येते म्हणून हॉलमध्ये दाराशी बसवलेला राउटर. हॉलमध्ये प्रश्नच नाही, तिथे सगळे ५ वर. हॉलला लागून असलेल्या पहिल्या बेडरूममध्ये एकच विटांची भिंत आडवी येते. तिथे ५ ची लिंक निम्म्यावर आली तरी शंभरचा प्लॅन पुरता वापरता येतो. खरी निवड करावी लागते ती पॅसेजच्या टोकाच्या बेडरूममध्ये. मध्ये दोन भिंती, पाण्याच्या पाइपांचे आणि टाइल्सचे बाथरूम आणि वर लोखंडी कपाट. इथे ५ चा सिग्नल पोहोचला तरी अडखळतो. सिग्नल मोजणाऱ्या ॲपमध्ये आकडा ऋण डीबीएममध्ये दिसतो. उणे ६७ किंवा त्याहून शून्याच्या जवळचा आकडा असेल, तर व्हिडिओ कॉलला ५ वर भरवसा ठेवता येतो. उणे ७५ च्या पुढे गेला, तर त्या खोलीत २.४ बरा. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-के चित्रपटाला साधारण १५. तेव्हा २.४ ने तिथे २० किंवा ३० एमबीपीएस स्थिरपणे दिले, तर आवाज न तुटता बैठक पार पडते. दर मिनिटाला गळणाऱ्या वेगापेक्षा कमी पण टिकणारा वेग केव्हाही चांगला.

उपकरणांची वाटणी खोलीपेक्षा सोपी आहे. स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग, दाराची घंटा आणि बरेचसे स्वस्त कॅमेरे यांच्यात फक्त २.४ चीच सोय असते. त्यांना डेटा थोडाच लागतो, पण ते गॅलरीत किंवा जिन्यावर, म्हणजे नेमके राउटरपासून लांब लावलेले असतात. टीव्ही, कामाचा लॅपटॉप आणि गेम खेळण्याचा कन्सोल यांना सिग्नल पुरत असेल तोवर ५ द्यावा. यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: एका बँडवरची सगळी उपकरणे हवेतला वेळ वाटून घेतात. लांबचा, क्षीण सिग्नलचा कॅमेरा तेवढाच डेटा पाठवायला कित्येक पट जास्त वेळ घेतो आणि तोवर बाकीच्यांना थांबावे लागते. असा कॅमेरा ओढूनताणून ५ वर ठेवला, तर हॉलमधला टीव्हीही विनाकारण मंदावतो.

२.४ ची दुखरी बाजू गर्दी ही आहे. सोसायटीत एखाद्या मजल्यावर उभे राहून यादी उघडली की शेजारपाजारची दहा-पंधरा नावे सहज दिसतात, आणि या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल्स तीनच आहेत: १, ६ आणि ११. त्यांतलेच एक घ्यावे, मधले ३ किंवा ८ नको. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचे ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढणाऱ्या चॅनेलवरचे मात्र एकमेकांना नुसता गोंगाट ठरतात. राउटरच्या सेटिंगमध्ये या बँडची रुंदी 20 MHz ठेवणेही शेजाऱ्यांसह सगळ्यांच्या हिताचे असते. ब्लूटूथ याच पट्ट्यात चालते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही. ओव्हन सुरू असताना तेवढ्यापुरते स्वयंपाकघरातले वायफाय अडखळत असेल, तर दोष राउटरचा नाही. त्या खोलीत फोन ५ वर घेतला की अडचण मिटते.

बरेच राउटर दोन्ही बँडना एकच नाव देऊन निवड आपोआप करतात. फोन घेऊन घरभर फिरणाऱ्यांसाठी ही सोय चांगली, पण ती दोन ठिकाणी फसते. एक, नवा बल्ब जोडताना: फोन ५ वर असतो, बल्बला ५ दिसतच नाही आणि जोडणी अडते. दुसरे, फोन हॉलमधून आतल्या खोलीत गेला तरी हॉलचा मरतुकडा ५ चा सिग्नल सोडत नाही. कोणत्या बँडवर आहोत, हे बऱ्याच फोनमध्ये वायफायच्या तपशिलात दिसते. विंडोजच्या लॅपटॉपवर ही आज्ञा द्यावी:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात Channel समोर १ ते १३ मधला आकडा असेल तर २.४, आणि ३६ किंवा वरचा असेल तर बहुधा ५. वायफाय बंद करून पुन्हा सुरू करताच वेग सुधारला, तर उपकरण चुकीच्या बँडला चिकटून बसले होते असे समजावे. हे रोजचेच झाले, तर राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावे द्यावीत. मग आतल्या बेडरूमचा लॅपटॉप २.४ ला जोडून त्यावर दुसऱ्या नावाची आपोआप जोडणी बंद करता येते.

बँड बदलण्याआधी राउटर हलवून पाहणे फायद्याचे. तो कोपऱ्यातून आणि टीव्हीमागून काढून पॅसेजच्या तोंडाशी, खांद्याच्या उंचीवर ठेवला, तर आतल्या खोलीच्या वाटेतली एक भिंत कमी होते आणि तिथे ५ पुन्हा चालू शकतो. मायवानच्या घरात तेवढ्याने भागत नाही. तिथे आतल्या खोलीपर्यंत लॅनची केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणे हा खात्रीचा उपाय आहे. रिपीटर स्वस्त पडतो, पण साधा रिपीटर एकाच बँडवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. तो लावायचाच असेल, तर आतल्या खोलीत नव्हे, ५ चा सिग्नल अजून दमदार आहे अशा जागी, पॅसेजच्या मध्यावर लावावा.