‘फ्लॅट घरच्यांसाठी हवा आहे’

भाड्याने राहणाऱ्या माणसाला घरमालकाचे पत्र येते : ‘मुलीची बदली पुण्याला झाली आहे, फ्लॅट आम्हाला घरच्यांसाठी हवा आहे, तरी महिनाभरात ताबा द्यावा.’ माणूस हबकतो आणि लगेच सामान आवरायच्या विचाराला लागतो. माझे सांगणे असे की, आधी आपला करार काढून वाचावा. महाराष्ट्रात या पत्राला किती वजन आहे, हे तुम्ही त्या घरात कोणत्या नात्याने राहता यावर ठरते.

आज शहरांतले बहुतेक फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिलेले असतात. समजा, 1 जूनपासून 30 एप्रिलपर्यंतचा अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार आहे. भाडे 25 हजार, अनामत एक लाख. पहिले सहा महिने दोघांपैकी कोणीही करार मोडायचा नाही, त्यानंतर कोणीही एक महिन्याची लेखी सूचना देऊन मोडू शकतो, असे कलम त्यात आहे. मालकाचे पत्र 10 सप्टेंबरला आले, तर मुलीची अडचण खरी असली तरी त्या करारावर तिचा परिणाम होत नाही. 30 नोव्हेंबरपर्यंत तुम्ही राहू शकता. लवकर निघायचेच ठरले, तर हलवाहलवीचा आणि नव्या दलालीचा खर्च मालकाने द्यावा, अशी मागणी रास्त आहे. तेच पत्र 10 डिसेंबरला आले, तर मालकाने कारण दिले काय, न दिले काय, महिनाभरात घर सोडावे लागते. इथे मुलगी खरोखर येणार का, याची चौकशी करून काही हाती लागत नाही.

म्हणून अशा करारावर सही करताना भाड्याच्या आकड्याइतकेच सूचनेचे कलम बारकाईने पाहावे. मुदत संपल्यावर अडून बसणे तर महागात पडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि ताबा देईपर्यंत नुकसानभरपाई दुप्पट दराने, म्हणजे आपल्या उदाहरणात महिना 50 हजार, भरावी लागते. पत्राचे उत्तर मात्र लेखीच द्यावे : कोणत्या तारखेला किल्ल्या देऊ आणि अनामत त्याच वेळी कशी परत मिळावी, हे त्यात स्पष्ट असावे.

जुन्या चाळीतला किंवा पागडीचा भाडेकरू असेल, तर चित्र पार बदलते. त्याला नुसत्या पत्राने घराबाहेर काढता येत नाही. मालकाला दावा लावावा लागतो. मुंबईत तो लघुवाद न्यायालयात चालतो. कलम 16 मध्ये घर रिकामे करून घेण्याची कारणे दिली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे मालकाला स्वतःच्या राहण्यासाठी असलेली रास्त आणि प्रामाणिक गरज. तिच्यात घरच्या माणसांची गरजही धरली जाते.

इथे पत्रातला शब्द न् शब्द मोलाचा ठरतो. ‘कुटुंबासाठी हवे’ एवढ्याने भागत नाही. कोणासाठी, तो माणूस आज कुठे राहतो, आहे त्या जागेत काय अडते, मालकाची दुसरी घरे आहेत का, हे प्रश्न उलटतपासणीत येतातच. पत्रात मुलाच्या लग्नाचे कारण आणि दाव्यात आईच्या आजारपणाचे, अशी तफावत निघाली की गरजेच्या खरेपणावरच शंका येते. पण भाडेकरूने ‘तुम्ही दुसऱ्या घरात भागवा’ असे सांगून चालत नाही. आपली गरज कशी भागवायची हे मालकाने ठरवावे, असेच न्यायालये सहसा मानतात. गरज खरी आहे की बतावणी, एवढे ती पाहतात.

गरज सिद्ध झाली तरी न्यायालय आणखी एक गोष्ट तोलते : हुकूम दिला तर भाडेकरूचे जास्त हाल होतील की न दिला तर मालकाचे? दोघांना दुसरी जागा मिळण्याजोगी आहे का, हेही पाहिले जाते. घराचा काही भाग देऊन भागत असेल, तर तेवढ्यापुरताच हुकूम होऊ शकतो. त्यामुळे भाडेकरूने आपल्या ऐपतीत त्याच भागात घर शोधल्याचे पुरावे जपून ठेवावेत. ‘आम्ही कुठे जाणार?’ या कळवळ्याच्या प्रश्नाला न्यायालयात असा कागदी आधार लागतो.

आणि मालकाने गरजेचे सोंग केले असेल तर? कलम 17 ची तरतूद फार थोड्या भाडेकरूंना ठाऊक असते. या कारणावर हुकूम घेऊन ताबा मिळवल्यावर एक महिन्यात मालक तिथे राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत त्याने ती जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू जागा परत मागू शकतो. अर्ज ताबा गेल्यापासून तेरा महिन्यांच्या आत करावा लागतो. घर सोडल्यावरही जुन्या शेजाऱ्यांशी बोलणे ठेवावे आणि दारावरची नवी पाटी कोणाची, हे पाहून यावे.